अनोळखी दुकानदाराला पहिला मेल: ‘माल ठेवा, खपल्यावर पैसे द्या’ हे कसं विचारायचं

आपण बनवलेली वस्तू जवळपासच्या दुकानात ठेवायची आणि ती विकली गेली तरच पैसे घ्यायचे, या व्यवहाराला कन्साइनमेंट म्हणतात. माल दुकानात असतो, पण गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत मालकी आपलीच राहते. विकला गेला की दुकानदार ठरलेलं कमिशन कापून उरलेली रक्कम देतो आणि नाही खपला तर आपण तो परत आणतो. दुकानदाराला आगाऊ काहीच द्यावं लागत नाही, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना वाटतं की कुणीही पटकन हो म्हणेल. प्रत्यक्षात पहिल्या मेलला बरेचदा उत्तरसुद्धा येत नाही.

त्याचं कारण दुकानदाराच्या बाजूने पाहिलं की कळतं. त्याच्यासाठी हा माल फुकटचा नसतो. फळीवरच्या प्रत्येक वीतभर जागेचं तो भाडं भरतो आणि तिथे आज जे ठेवलंय ते काही ना काही कमावून देतंय. शिवाय दुसऱ्याच्या मालाचा हिशेब वेगळा ठेवायचा, महिन्याच्या शेवटी मोजायचा, पैसे वेगळे काढायचे, हे काम वाढतं. आणि अनेक दुकानांत मागच्या खोलीत कुणाचा तरी जुना माल खोक्यात पडून असतो. ठेवणारा फिरकत नाही आणि टाकून देता येत नाही. असा अनुभव एकदा आला की दुकानदार पुढच्या माणसाला नकोच म्हणतो.

म्हणून या मेलने तीन गोष्टी आधीच सांगून टाकायच्या असतात: जागा किती लागेल, हिशेब कोण ठेवेल आणि न खपलेला माल कोण, कधी उचलेल. मालाची स्तुती त्यानंतर. हे नीट दिसावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. एक कारागीर हाताने शिवलेल्या, कापडी पुठ्ठ्याच्या कोऱ्या वह्या बनवते आणि आतापर्यंत ओळखीच्यांना थेट विकत आली आहे. आता तिला त्या स्टेशनरीच्या दुकानात ठेवायच्या आहेत.

मेलच्या आधी: किंमत पेलते का?

हा हिशेब मेल लिहायच्या आधीच करायचा, कारण दुकानदार हो म्हणाल्यावर किंमत वाढवता येत नाही. पुढचे आकडे कोणत्याही पैशात मोजा, फक्त प्रमाण बघायचं आहे.

समजा एका वहीला कागद, कापड, दोरा आणि गोंद मिळून २४ लागतात, वेष्टन आणि लेबलला ४. ती थेट ६० ला विकते, म्हणजे तिच्या श्रमाला ३२ उरतात आणि तिला ते पुरेसं वाटतं. हीच वही दुकानात ६० लाच ठेवली आणि दुकानाचं कमिशन ३५ टक्के असलं, तर २१ तिथेच गेले. दुकानापर्यंत ने-आण करायला नगामागे ५, आणि हाताळून मळणाऱ्या मालासाठी ३ धरायला हवेत. एकूण बेरीज केली की तिच्या हातात ३ उरतात. वही शिवायला लागलेल्या वेळाचे ३.

किंमत १०० ठेवली तर ३५ दुकानाचे, ३६ खर्चाचे आणि २९ तिचे. हे चालण्यासारखं आहे, पण गिऱ्हाईक १०० द्यायला तयार आहे का हे आधी थेट विक्रीतच पाहून घ्यावं लागेल. आणि एकदा १०० ठरली की तिने स्वतःही १०० लाच विकायची. दुकानात १०० आणि तिच्याकडून ६० हे दुकानदाराला कळतंच, कारण एखादं गिऱ्हाईक त्याच्याच काउंटरवर उभं राहून सांगतं. मग तो व्यवहार तिथेच संपतो. १०० ला कुणी घेत नसेल तर ही वस्तू कन्साइनमेंटसाठी नाही, एवढं स्पष्ट समजून थेट विक्रीच चालू ठेवावी.

कमिशनबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुकानदार माल रोखीने विकत घेतो तेव्हा तो साधारण विक्री किमतीच्या निम्म्याला मागतो, कारण न खपल्याचं नुकसान त्याचं असतं. कन्साइनमेंटमध्ये ते नुकसान तुमचं, म्हणून त्याचा वाटा कमी असतो. बहुतेक ठिकाणी तो ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास ठरतो. मेलमध्ये आकडा आपणच लिहावा. ‘आपण म्हणाल तसं’ असं लिहिलं की दुकानदाराला विचार करण्याचं आणखी एक काम लागतं आणि मेल नंतर बघू म्हणून बाजूला पडतो.

अडकणारा मालही मोजा. एका दुकानात १२ वह्या ठेवल्या आणि अशी सहा दुकानं झाली, की ७२ वह्यांचा कागद, कापड आणि श्रम पैसे न येता फळ्यांवर बसून असतात. सुरुवातीला दोन, फार तर तीन दुकानं पुरेत.

दुकान गिऱ्हाईक म्हणून बघून या

ओळख नसली तरी दुकान न बघता मेल पाठवू नये. एकदा जाऊन, काहीतरी विकत घेऊन, शांतपणे बघून या. आपल्या वस्तूसारखं काय काय ठेवलंय आणि त्याची किंमत कुठून कुठपर्यंत जाते? सगळ्या वह्या २० ते ४० मध्ये असतील तर १०० ची वही तिथे परकी दिसेल. त्याच दुकानात १५० ची पेनं असतील तर गोष्ट वेगळी, कारण असं पेन घेणारा माणूस कागदाकडेही बघतो.

आमच्या कारागिराला एका दुकानात असंच दिसलं. शाईच्या पेनांचं काचेचं कपाट भरलेलं होतं, पण त्याच्या शेजारी ठेवलेल्या वह्यांचा कागद पातळ होता. असल्या कागदावर बरेचदा शाई फुटते, अक्षराच्या कडा केसाळ होतात आणि मागच्या पानावर डाग उमटतात. तिच्या वहीत १०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा, जाड कागद होता. तिने घरी वेगवेगळ्या शाईंनी लिहून, पान उलटून पाहिलं आणि शाई फुटत नाही याची खात्री करून घेतली. या एका निरीक्षणावर तिचा पुढचा मेल उभा राहिला. दुकानात कमी असलेलं आणि आपल्याकडे असलेलं असं काहीतरी सापडलं नाही, तर त्या दुकानाला लिहिण्यात अर्थ नाही.

निघताना काउंटरवर विचारा, ‘नवा माल ठेवायचा असेल तर कुणाशी बोलायचं? त्यांचा मेल मिळेल का?’ एवढं विचारलं की मालकांचं किंवा खरेदी बघणाऱ्यांचं नाव आणि पत्ता मिळतो. दुकानाच्या सर्वसाधारण पत्त्यावर गेलेला मेल पुष्कळदा कामगारच बघतात आणि तो पुढे जात नाही. गिऱ्हाइकांची गर्दी असताना मात्र हे विचारू नका. आणि त्याच वेळी पिशवीतून वह्या काढून दाखवायलाही लागू नका. अचानक समोर आलेल्या मालाला नको म्हणणं सोपं असतं, आणि एकदा नको म्हटलेलं माणूस सहसा बदलत नाही.

मेल

नव्याने लिहिणारे बहुतेक जण असा मेल पाठवतात:

> नमस्कार,
> मी हस्तकलेची आवड असलेली कारागीर असून विविध प्रकारच्या वह्या तयार करते. माझ्या वह्या उच्च दर्जाच्या, आकर्षक आणि पर्यावरणपूरक आहेत. आपल्यासारख्या नामांकित दुकानाशी जोडलं जाण्याची इच्छा आहे. सोबत कॅटलॉग जोडला आहे. परस्परांच्या फायद्याच्या अटींवर काम करता येईल. कृपया कळवावे.

यात खोटं काही नाही. पण दुकानदार हा मेल वाचतो तेव्हा तो काउंटरवर उभा असतो, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, फोनवर. त्याला कळत नाही की किती वह्या, कुठे ठेवायच्या, पैसे आधी द्यायचे की नंतर, आणि उत्तरात नेमकं काय लिहायचं. कॅटलॉग उघडायचा तर अनोळखी पत्त्यावरून आलेली फाइल उघडावी लागते. ‘नामांकित दुकान’ हे तर कुठल्याही दुकानाला लिहिता आलं असतं, आणि ते त्यालाही दिसतं.

आता तीच कारागीर, त्याच दुकानाला:

> विषय: हाताने शिवलेल्या वह्या, १२ नग, खपल्यावर पैसे
>
> नमस्कार (मालकांचं नाव),
>
> मी आपल्या दुकानापासून पायी दहा मिनिटांवर राहते आणि कापडी पुठ्ठ्याच्या कोऱ्या वह्या हाताने शिवते. मागच्या आठवड्यात दुकानात आले होते तेव्हा शाईच्या पेनांचं कपाट पाहिलं. शाई न फुटणाऱ्या जाड कागदाची वही तिथे दिसली नाही, म्हणून लिहिते आहे.
>
> अशा १२ वह्या कन्साइनमेंटवर ठेवून पाहाल का? पेनांच्या कपाटाजवळ ३० × २० सेंटिमीटर जागा पुरेल, स्टँड मी आणेन. विक्री किंमत १००, त्यातले ३५ टक्के आपले. आगाऊ काही द्यायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी येऊन वह्या मोजेन आणि विकल्या गेलेल्यांचा हिशेब लिहून देईन. ६० दिवसांत ज्या खपणार नाहीत त्या मी स्वतः उचलून नेईन.
>
> एक नमुना वही दाखवायला बुधवारी किंवा गुरुवारी दुकान उघडल्यावर येऊ का? दहा मिनिटं लागतील. उत्तरात नुसता वार लिहिलात तरी चालेल. नको असेल तर तसं कळवा, पुन्हा लिहिणार नाही.
>
> आपली,
> (पूर्ण नाव, फोन, पत्ता)

विषयाच्या ओळीपासून पाहू. फोनवर तिची पहिली तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, म्हणून वस्तू आधी आली आणि ‘खपल्यावर पैसे’ त्याच ओळीत बसवलं. ‘सहकार्याची संधी’ किंवा ‘एक नम्र विनंती’ असा विषय असता तर तो जाहिरातीचा वाटला असता.

पहिल्या परिच्छेदात तिने स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलं, आणि त्यातही जवळ राहते हे आधी सांगितलं. कन्साइनमेंटमध्ये ते महत्त्वाचं आहे. माल संपला तर लगेच भरता येईल आणि न खपलेला पडून राहणार नाही, हे दुकानदाराला त्या ‘पायी दहा मिनिटां’तून कळतं. पुढचं वाक्य फक्त त्याच दुकानाला लागू पडतं. आपला मेल तपासायचा एक सोपा उपाय आहे: दुकानाचं नाव बदलून पहिला परिच्छेद दुसऱ्या दुकानाला तसाच चालतो का बघा. चालत असेल तर परत जाऊन दुकान नीट बघून या.

एक सावधगिरी. ‘तुमच्या वह्या पातळ कागदाच्या आहेत’ असं तिने लिहिलेलं नाही, ‘दिसली नाही’ असं लिहिलं. दुकानातला माल मालकाने निवडलेला असतो. त्याच्या निवडीत खोट काढून कुणी फळीवर जागा मिळवत नाही.

मधल्या परिच्छेदात तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. जागा सेंटिमीटरमध्ये दिल्यामुळे ती डोळ्यांसमोर येते. ‘थोडी जागा’ म्हटलं असतं तर ज्याने त्याने आपापल्या भीतीएवढी धरली असती. बारा हा आकडाही विचार करून घेतलेला आहे. तीन रंग, प्रत्येकी चार, म्हणजे निवडायला वाव राहतो आणि फळी रिकामी दिसत नाही. दोन-तीन वह्या ठेवल्या तर त्या हरवून जातात, चाळीस ठेवल्या तर दुकानदार घाबरतो. परत नेण्याची तारीख लिहिणं तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्या एका वाक्याने त्याच्या मागच्या खोलीतल्या खोक्याची आठवण पुसली जाते.

शेवटी तिने माल ठेवून घ्या असं म्हटलेलंच नाही. दहा मिनिटं मागितली. वार सुचवल्यामुळे उत्तर एका शब्दात देता येतं, आणि नको म्हणायची मोकळीक दिल्यामुळे दुकानदाराला दडपण वाटत नाही.

फोटो एकच, मेलच्या मजकुरातच, शे-दोनशे केबीच्या आत. वही पेनाशेजारी ठेवून काढलेला, म्हणजे आकार कळतो. उघड्या वहीवर शाईने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या तर आणखी चांगलं. पहिल्या मेलला पीडीएफ जोडू नका, लहान केलेली लिंकही देऊ नका. अनोळखी पत्त्यावरून अशा गोष्टी आल्या की मेल स्पॅममध्ये जायची शक्यता वाढते, आणि पोहोचला तरी त्या उघडायला माणूस कचरतो.

पाठवणं

प्रत्येक दुकानाला स्वतंत्र मेल. एकच मजकूर सगळ्यांना गुप्त प्रतीने, म्हणजे बीसीसीत घालून, पाठवला की वर दुकानदाराचं नाव नसतं, आणि मग पहिल्या परिच्छेदातली मेहनत वाया जाते. समोरासमोरच्या दोन दुकानांना एकाच वेळी लिहू नये. दोघेही हो म्हणाले तर दोघेही नाराज होतील. उलट ‘हे ६० दिवस या रस्त्यावर दुसरीकडे ठेवणार नाही’ हे आपल्याला काही खर्च न होता देता येतं. पण ते दुकानदाराने विचारलं तर भेटीत द्यावं, आणि मुदतीपुरतंच.

वेळ सकाळची, दुकान उघडण्याच्या थोडी आधीची. मोठ्या खरेदीच्या हंगामात पाठवलेला मेल वाचलाच जात नाही. त्या हंगामासाठी माल ठेवायचा असेल तर दोन-तीन महिने आधी लिहावं लागतं, कारण फळ्यांवर काय लागणार हे तेव्हाच ठरतं.

मेलखाली पूर्ण नाव आणि पत्ता देणं विश्वासासाठी हवंच, आणि काही ठिकाणी ते कायद्यानेही लागतं. अमेरिकेतल्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार व्यावसायिक मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता आणि पुढचे मेल नको असल्याचं कळवायची सोय असावी लागते, आणि एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला पाठवलेले मेलही त्यात येतात. काही देशांचे नियम याहून कडक आहेत, तेव्हा आपल्याकडचे एकदा पाहून घ्या.

उत्तर आलं, किंवा नाही आलं

आठवडाभर काहीच आलं नाही तर त्याच मेलला उत्तर देऊन दोन ओळी लिहा, म्हणजे जुना मजकूर खाली दिसत राहतो: ‘मागच्या आठवड्यात वह्यांबद्दल लिहिलं होतं. या बुधवारी सकाळी त्याच भागात आहे, नमुना वही काउंटरवर देऊन जाऊ का?’ त्यानंतरही शांतता असेल तर थांबा. तिसरा मेल त्रास वाटतो. काही महिन्यांनी खरोखर काही नवीन असेल, वेगळी वस्तू किंवा दुसऱ्या दुकानातल्या विक्रीचा आकडा, तर पुन्हा लिहायला हरकत नाही. ‘नको’ असं स्पष्ट उत्तर आलं तर आभार मानायचे आणि दिलेला शब्द पाळायचा.

भेट ठरली तर सोबत एक नमुना, छापलेलं दरपत्रक आणि शाईचं पेन घेऊन जा. खरं तर दुकानदाराला त्याच्याच कपाटातल्या पेनाने वहीवर लिहायला सांगा. पान उलटून त्याने स्वतः मागची बाजू बघितली की कागदाबद्दल वेगळं काही बोलावं लागत नाही.

दोन उत्तरं अशी येतात की त्यांची तयारी हवी. पहिलं, ‘कमिशन ५० टक्के’. तेव्हा वरचा हिशेब कामी येतो. १०० पैकी ५० दिले तर खर्चाचे ३६ जाऊन १४ उरतात, आणि न खपल्याचं ओझंही आपल्यावरच. ते परवडणारं नाही. ४० टक्क्यांवर २४ उरतात, तिथपर्यंत जाता येईल. मग सरळ सांगावं, ‘माल माझा आणि जोखीमही माझी आहे, म्हणून ४० च्या पुढे जमत नाही.’ त्यावर नाही म्हणाले तर नमुना उचलून नमस्कार करून निघावं. श्रमाचे पैसे न निघणाऱ्या किमतीत घातलेला माल खपला तरी तोटाच वाढवतो.

दुसरं उत्तर म्हणजे ‘ठेवून जा, बघू’. हे ऐकून आनंद होतो, आणि कन्साइनमेंटमधली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. कागद झाल्याशिवाय माल ठेवू नका.

एक पान, दोन सह्या

कागद साधा असतो. कोणत्या रंगाच्या किती वह्या दिल्या, विक्री किंमत, कमिशन, मोजणीचा दिवस आणि मोजणीनंतर किती दिवसांत पैसे मिळतील, हे लिहायचं. सात दिवस ठीक आहेत. विकला जाईपर्यंत माल कारागिराच्या मालकीचा आहे, असं एक वाक्य त्यात हवंच. दुकान अचानक बंद पडलं किंवा कर्जात गेलं तर त्याला कर्ज दिलेले लोक दुकानातल्या सगळ्याच वस्तूंवर हात ठेवू बघतात, आणि आपला माल वेगळा आहे हे दाखवायला हाच कागद असतो. काही देशांत त्यासाठी वेगळी नोंदणीही करावी लागते, म्हणून माल मोठ्या किमतीचा असेल तर जाणकाराला विचारून घ्या. बिलावर कर कुणी लावायचा हेही तेव्हाच विचारा.

सवलत आणि हरवलेला माल, या दोन गोष्टी भेटीत बोलायला संकोच वाटतो, म्हणून त्या राहून जातात. दुकानदाराने सेलमध्ये किंमत उतरवली तर ती त्याच्या वाट्यातून उतरावी, आपले ६५ कायम राहावेत. दुकानातून हरवलेली किंवा चोरीला गेलेली वही विकली गेली असं धरून आपले ६५ मिळावेत, कारण तिथे लक्ष ठेवणं आपल्या हातात नसतं. हाताळून मळलेल्या मालाचं नुकसान मात्र आपण सोसणं रास्त. वह्यांच्या बाबतीत ते टाळायचा उपाय आहे. एक वही ‘नमुना’ असा शिक्का मारून त्या बारांखेरीज वेगळी, उघडी ठेवायची. गिऱ्हाइकाला पानं उलटून बघायचीच असतात. उघडी वही नसली तर तो वेष्टन फाडून बघतो, आणि महिनाभरात चार वह्यांच्या कडा काळ्या होतात.

पहिली मोजणी

पहिल्या सोमवारी आपली कारागीर जाते. दिल्या होत्या १२, फळीवर आहेत ५. दुकानाच्या नोंदीत ६ विकल्या गेल्या आहेत. एक सापडत नाही. कागद नसता तर इथे दोघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं. कागद असल्यामुळे सातचा हिशेब होतो, सात गुणिले ६५ म्हणजे ४५५, आणि विषय मिटतो. नोंदीशी न जुळणारी एखादी वही क्वचित असते. दर महिन्याला दोन-तीन कमी पडायला लागल्या तर स्टँड दाराजवळ आहे का ते बघा आणि काउंटरच्या नजरेत हलवायला सांगा.

मोजताना रंगही लिहून ठेवा. गेलेल्या सातांत चारही निळ्या आणि तीन करड्या असतील तर लालला कुणी हात लावलेला नाही. दुसऱ्या महिन्यासाठी लाल उचलून निळ्या भरा. सरसकट सगळे रंग पुन्हा बारापर्यंत भरत राहिलं की फळीवर न खपणारा रंगच साठत जातो, आणि दुकानदाराला वाटतं की वह्या चालत नाहीत.

पैसे ठरल्या दिवशी आले नाहीत तर एकदा आठवण करा. दुसऱ्या महिन्यातही तेच झालं तर नवा माल भरू नका, उरलेला उचला आणि हिशेब पूर्ण करून घ्या. उशीर होणाऱ्या दुकानात माल वाढवत गेलं की अडकलेली रक्कम वाढते. तिथली विक्री चांगली असली तरी हे खरं आहे.

६० दिवस झाले आणि निम्म्याही वह्या गेल्या नसतील तर दुकानदाराने आठवण करायच्या आधी जाऊन उचला, स्टँडसकट, आणि जागा पुसून द्या. विक्री बरी झाली असेल तर त्याला विचारा, ‘तुमच्याकडच्या विक्रीचा आकडा दुसऱ्या भागातल्या दुकानदाराला सांगितला तर चालेल का?’ तो हो म्हणाला की पुढच्या दुकानाच्या मेलमध्ये, जागेच्या वाक्याच्या आधी, एक ओळ घाला: ‘स्टेशनरीच्या एका दुकानात पहिल्या महिन्यात १२ पैकी ६ वह्या खपल्या, त्या सगळ्या निळ्या आणि करड्या.’ आणि त्या दुकानात लाल ठेवूच नका.